हौसाचं दुहेरी छप्पर

पेणजवळच्या जोह्यात हौसाच्या गणपतींच्या कारखान्यात शिरलं की आधी आवाज यायचा आणि मग हौसा दिसायची. "ए, सोंडेला हात लावू नको, ओली हाय! शेजारच्यालापण नको, तीबी ओलीच हाय!" खाडीकाठच्या मिठागरावरच्या घरातून ती इथे सून म्हणून आली, तेव्हा मातीचा गोळा कसा धरायचा हेही तिला ठाऊक नव्हतं. नवरा गेल्यावर वर्षभरात पोरीबाळींना हाताशी धरून तिने कारखाना पुन्हा उभा केला. गणपती घ्यायला पेणहून येणारे व्यापारी तिच्याशी घासाघीस करताना आवाज उगाच खाली ठेवायचे.

तिचं दुखणं एकच, छप्पर. सिमेंटचे पत्रे सासऱ्याच्या हातचे. खिळ्यांची भोकं मोठी झालेली आणि दर पावसाळ्यात कुठे ना कुठे धार. एका फाल्गुनात तिने रोह्यापलीकडच्या अष्टमी गावाहून जनूला बोलावलं. पत्रे टाकण्यात त्याचा हातखंडा, पण बोलणं असं की मधेच कुणीतरी विडी ओढायला गेलंय असं वाटावं.

जनू वर चढला, वाशांवर हातोडी वाजवली, खाली उतरला आणि म्हणाला, "काढायला लागतील, वयनी... सगळे... जुने आधी काढायचे, मग नवे."

"काढायचे? आणि हे?" हौसाने हात फिरवला. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवाळीपासून घडवलेले गणपती जमिनीवर होतेच, शिवाय वाशांना दोर बांधून टांगलेल्या फळ्यांवर तीन-तीन थर बसलेले. जोह्यात असंच करतात. जमीन पुरत नाही, मग छप्परच मांडणी होतं. "ही कच्ची माती उघड्यावर ठेवू? वरून चिमणीची शिट पडली तरी दुसरा मुलामा द्यावा लागतो रं."

तिचा दीर दत्तात्रेय डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे होता. शिफ्ट संपवून तो आला, हेल्मेट काखेत तसंच. "काढायचे कशाला? जुन्यावर लाकडी पट्ट्या मारायच्या, पट्ट्यांवर लोखंडी पत्रा. दोन दिवसांचं काम. आमच्याकडे शेडवर शेड चढवतात, वयनी, सिस्टीम असते!"

"तुमच्या शेडीला खाली लोखंड हाय," जनू म्हणाला. "हितं सागाचा जुना वासा. सिमेंटचा पत्रा आधीच जड, पाणी प्यायला की आणखी जड. त्यावर पट्ट्या, त्यावर नवा पत्रा... आणि खाली हे बाप्पा लोंबकळतायत. वजन कुठं जाईल?"

"जाईल वर!" दत्तात्रेय म्हणाला आणि मुली फिदीफिदी हसल्या.

जनू हसला नाही. हौसाला ते खटकलं, पण गणपती तिला जास्त दिसत होते. ती म्हणाली, "जुन्यावरच टाक." जनूने पट्ट्या जुन्या पत्र्यांमधून वाशांपर्यंत आवळून बसवल्या आणि जाताना एवढंच सांगितलं, "कडेला आणि वर आढ्याजवळ फट उघडी ठेवलीय. दोन पत्र्यांच्या मधे वारं खेळू द्या. बुजवू नका."

आठवड्यात त्या फटीत चिमण्या शिरल्या. शेंदरी रंग लावलेल्या एका मूर्तीच्या मुकुटावर पांढरा शिंतोडा पडला. हौसाने स्वतः परात भरून सिमेंट कालवलं आणि सगळ्या फटी लिंपून टाकल्या, अगदी नखाएवढीही जागा ठेवली नाही. गल्लीतले लोक येऊन चमकणारा पत्रा बघून गेले. आषाढ लागला तरी आत थेंब नाही. हौसा मान वर करून म्हणायची, "कुठंय रं तुझं वजन, जन्या?"

मग एके दिवशी, पाऊस उघडलेला असताना, लख्ख ऊन असताना, एक थेंब पडला.

तो गणपतीच्या पोटावर पडला आणि मातीत विरून गेला. हौसाने वर पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चार ठिकाणी ओल आली. रात्रभर पाऊस नव्हता. पत्रा नवा होता. वरून काहीच येत नव्हतं, आणि तरी गळत होतं. फळीचा एक दोर सुतळीसारखा ताणलेला होता आणि मधला वासा खाली झुकल्यासारखा वाटत होता. कुणी शिंकलं तरी सगळ्या मुली वर बघायच्या.

"घाम आलाय त्याला," मालू म्हणाली. ही मूर्तींचे डोळे आखणारी, कमी बोलणारी मुलगी. "काकू, डोळे आखताना नजर सारखी वर जाते. भीती वाटते."

हौसाने निरोप धाडला, तसा जनू आला. त्याने वरचा एक पत्रा सोडवला आणि हौसाला शिडीवर बोलावलं. तिने बघितलं. नव्या पत्र्याची खालची बाजू ओथंबलेली, थेंबांनी भरलेली. खालचा जुना पत्रा भिजलेल्या गोणपाटासारखा गडद. जनूने वाशात खिळा दाबला, हातोडीशिवाय. खिळा आत गेला.

"हे पाणी कुठलं?" हौसाचा आवाज पहिल्यांदाच खाली होता.

"तुमचंच. गणपती सुकवायला खाली शेगड्या पेटवता. ओल्या मातीतली वाफ वर जाते, जुन्या पत्र्याच्या भोकांतून मधे शिरते. वरचा पत्रा रात्री गार. वाफेचं पाणी होतं आणि परत खाली. फटी असत्या तर वाऱ्याबरोबर गेली असती."

फटी. हौसाने शिडीचा दांडा घट्ट धरला.

दत्तात्रेय खालून ओरडला, "टेकू लावा, वयनी! चतुर्थीपर्यंत टेकू लावा, मग बघू. महिनाभर तर आहे!"

"टेकू कशाला लावू, भावजी? खिळा जातोय तिथं टेकूबी जाईल आत." ती उतरली. "मालू, सगळ्या पोरी बाहेर व्हा. मातीला हात लावू नका आधी, बाहेर व्हा!" मग तिने आणि जनूने टांगलेल्या फळ्या एकेक करून रिकाम्या केल्या. मूर्ती देवळाच्या मंडपात, शाळेच्या व्हरांड्यात, कुणाच्या पडवीत गेल्या. दत्तात्रेय आधी कुरकुरला, मग त्यानेही सदरा काढला.

वजन उतरलं तसा वासा सावरला नाही, उलट आतल्या आत कुरकुरला. लांबून, बारीक, कुणीतरी दात खातंय तसा. जनूने वरचा लोखंडी थर सोडवून घेतला. मग जुन्या पत्र्यांवर पाणी मारून ते अख्खेच्या अख्खे खाली द्यायला लागला. "फोडू नका, धूळ छातीत बसते," तो पुन्हापुन्हा सांगत होता. अर्धे पत्रे उतरले आणि मधला वासा भिंतीजवळ, जिथे सर्वांत ओला होता तिथे, मोडून जमिनीवर आला. खाली कुणी नव्हतं. मालूचं रंगाचं डबडं तेवढं चेपलं.

हौसा त्या मोडलेल्या टोकाकडे बघत राहिली. आतून ते गुळाच्या ढेपेसारखं तपकिरी, बोटाने उकरलं तर चुरा होत होतं. मग तिने मान वर केली. अर्धं छप्पर नव्हतं, त्यामुळे गल्लीतली छपरं दिसत होती. शेजारच्या ठमाबाईच्या कारखान्याचं छप्पर चमकत होतं. त्यापलीकडे नाथाच्या कारखान्याचं. त्यापुढेही दोन. सगळे पत्रे नवे, सगळे जुन्यावर टाकलेले. त्या छपरांखालून तिथल्या मुलींचं गाणं ऐकू येत होतं.

हौसा ठमाबाईच्या दारात गेली. "ठमे, फटी बुजवल्यास ना?"

"तुझं बघूनच तर केलं गो! तुझं चांगलं, आमचं वाईट?" ठमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुझे गणपती भिजले म्हणून माझे हलवू? चतुर्थी झाली की बघीन मी."

"माझा वासा बघून ये."

"मला डोळ्यांची आखणी करायची हाय."

हौसाने ठमाबाईच्या टांगलेल्या फळीखाली जाऊन पहिला गणपती दोन्ही हातांनी उचलला. ठमाबाई किंचाळली, "ए हौसा, ठेव! ठेव तो!" पण वरून बारीक, लांबून, कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज आला, आणि ठमाबाई शिव्या देत देतच दुसऱ्या गणपतीला धरायला धावली.