गौरीला दाखवलेलं घर

मुंबई विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून माझी हातातली बॅग पुढे गेली, थांबली आणि परत मागे आली. पडद्यासमोर बसलेल्या माणसाने शेजारच्या गणवेशातल्या बाईला खुणावलं. तिने बॅग उघडली, आईच्या जुन्या रेशमी साडीच्या तुकड्याची घडी उलगडली आणि तिचा हात तिथेच थबकला. आत दोन पितळी चेहरे होते. टपोरे डोळे, नाकात नथ, ओठांवर हसू फुटेल न फुटेल असं काहीतरी.

"गौरी का?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने रबरी हातमोजा काढला, एका मुखवट्याच्या कपाळाला बोटं टेकवून ती स्वतःच्या कपाळाला लावली आणि घडी पुन्हा होती तशी घातली. "नीट न्या. माहेरवाशिणी आहेत."

आई विमानतळावर आली नव्हती. तिने कराडच्या घराच्या दारातच निरोप दिला होता. "माझे गुडघे आता ऐकत नाहीत. यंदापासून त्या तुझ्याकडं. रीत मोडू नका, एवढंच." आणि मग, मी चपला घालत असताना, "मागनं मी येतेच आहे."

"ये ना," मी म्हणालो होतो. "तुझी खोली तयार ठेवतो."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिकडे राहिलेल्या तुम्हाला आणि माझ्यासारखं बॅगा भरून इकडे आलेल्या तुम्हालाही सांगतो. तशी खोली कधी नव्हतीच. लायडस्खेनडाम या डच गावात तिसऱ्या मजल्यावर आम्हाला मिळालेला फ्लॅट म्हणजे एक बैठकीची खोली, एक झोपायची आणि एक खोली म्हणण्याइतपत जागा, जिच्यात आमच्या मुलीचा, इराचा पलंग भिंतीपासून भिंतीपर्यंत बसतो आणि दार पूर्ण उघडत नाही. ऑफिसातले लोक म्हणाले, घर मिळालं हेच नशीब. ते खरंच होतं. पण कराडला मी दर रविवारी फोन करायचो तो खिडकीजवळच्या एका ठरावीक जागी बसून. मागे मोठ्या पानांची कुंडी, तिच्यामागे उजेड. तिथून घर प्रशस्त वाटायचं. आई विचारायची, "माझी खोली कुठल्या अंगाला?" मी म्हणायचो, "आतल्या अंगाला, ऊन येतं तिथं." एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा म्हणणं सोपं जातं. मग तेच खरं असल्यासारखं मी बोलत राहिलो. सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी बदलून, देश बदलून, आईला मागे ठेवून जे मिळवलं ते एवढंसंच आहे, हे तिला दिसू नये असं वाटायचं. की मलाच दिसू नये असं वाटायचं, कोण जाणे.

भाद्रपद आला. गौरी बसवायच्या तर जागा हवी. बाल्कनीच्या दाराशी सोफा होता, तो आम्ही ढकलून जेवणाच्या टेबलाला भिडवला, तेव्हा कुठे एक कोपरा मोकळा झाला. कराडला गौरींच्या धडांसाठी लोखंडी स्टँड होते. इथे क्रिंगलोपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, दोन उंच स्टुलं आणली. त्यांवर गहू भरलेले डबे, डब्यांत रोवलेल्या काठ्या, काठ्यांना आडव्या बांधलेल्या लाटण्यांचे खांदे. माझी बायको वृंदा शुक्रवारी संध्याकाळपासून साड्या नेसवत होती. निऱ्या आधी मांडीवर घालून दोऱ्याने आवळायच्या, मग स्टुलाभोवती फिरवायच्या, पदर खांद्यावर टाचायचा, आत उशा खुपसून अंगाला भर द्यायचा. काम संपलं तेव्हा कोपऱ्यात दोन बायका उभ्या होत्या. हिरवी साडी आणि जांभळी. डोकी नव्हती.

"धिस इज अ बिट क्रीपी, आई," इरा म्हणाली.

"उद्या बघ," वृंदा म्हणाली.

आवाहन शनिवारी होतं. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात. आईने पंचांग बघून सांगितलं होतं, तुमच्याकडच्या दुपारच्या आत घरात घ्या. आमच्याकडची रीत अशी की दोघी बहिणी दोघींच्या हातांतून येतात. ज्येष्ठा एकीकडे, कनिष्ठा दुसरीकडे. दारातून आत आल्या की त्यांना थेट जागेवर न्यायचं नाही. आधी सगळं घर दाखवायचं, एकही दार न वगळता. घरातली मोठी बाई प्रत्येक ठिकाणी विचारते, "इथं काय आहे?" आणणाऱ्याने सांगायचं. त्यावर ती म्हणते, "उदंड असो." मग पुढचं दार.

दुसरी बाई म्हणून आर्नहेमहून वृंदाची मैत्रीण प्राजक्ता येणार होती. साडेदहाला तिचा फोन आला. रुळांचं काम चाललंय, गाड्या बंद, बस फिरून फिरून जातेय. "मला तुम्ही धरू नका गं," ती रडवेली झाली होती.

कराडला फोन लावला. आई तिथे पाटावर तयार बसली होती, प्रश्न तीच विचारणार होती. तिच्यामागे गौरी दरवर्षी उभ्या राहायच्या तो कोपरा दिसला. नुसती भिंत. मी नजर वळवली.

"मग कनिष्ठेला कोण घेणार?" वृंदाने विचारलं. "इराला देऊ?"

"इराच्या हातात मी असणार ना," आई फोनमधून म्हणाली. "मला कोण धरणार? तुझा नवरा काय करतोय?"

"आई, पुरुषमाणसानं?" मीच म्हणालो.

"आंघोळ झालीये ना? मग उचल."

मी जन्मभर गौरी बाहेरून पाहिल्या. केळीचे खुंट आणायचे, माळा टांगायच्या, फुलोऱ्याच्या करंज्या बांधायला स्टुलावर चढायचं. आत काय चालतं ते बायकांचं. त्या शनिवारी फ्लॅटच्या दाराबाहेरच्या लांब उघड्या गॅलरीत मी अनवाणी उभा होतो, हातात सूप, सुपात तांदळावर कनिष्ठेचा मुखवटा. शेजारी वृंदा ज्येष्ठेला घेऊन. वृंदाने सकाळी लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत तांदळाच्या पिठात मूठ बुडवून पावलं उमटवली होती, वर बोटांचे ठिपके, त्यांवर हळदकुंकू. शेजारच्या आजीबाई खरेदीची पिशवी घेऊन लिफ्टमधून बाहेर आल्या. त्यांनी खाली पाहिलं. एकेका पावलाला वळसा घालत, कठड्याला धरून, त्या आपल्या दाराशी गेल्या. दार उघडून आत मात्र गेल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या.

इराने एका हाताने फोन आमच्याकडे वळवून धरला, दुसऱ्या हाताने घंटा वाजवली.

"कोण आलं?" आईचा आवाज गॅलरीत घुमला.

"गौर आली," वृंदा म्हणाली.

"कशाच्या पावलांनी आली?"

"हळदीकुंकवाच्या पावलांनी आली."

उंबरा नव्हताच, दाराची अॅल्युमिनियमची पट्टी होती. तिच्यावर ठेवलेलं तांदळाचं माप वृंदाने पायाने कलंडवलं आणि आम्ही आत आलो. पितळ हातात थंड लागेल असं वाटलं होतं. ते कोमट होतं. मी खाली पाहिलं तर ते डोळे वर माझ्याकडे बघत होते, आणि एका क्षणात मला कळलं की आता काय होणार आहे. एकही दार न वगळता. आणि आई बघणार.

स्वयंपाकघर. दोघं शेजारी उभे राहिलो तर तिसऱ्याला आत येता येत नाही. इरा दारातूनच फोन पुढे करत होती.

"इथं काय आहे?"

"इथं अन्न आहे," वृंदा म्हणाली.

"उदंड असो."

वॉशिंग मशीनची बोळकांडी. "इथं पाणी आहे." उदंड असो. आमची झोपायची खोली, पलंगाच्या कडेने तिरकं होऊन जावं लागतं. कपाटातली एक पेटी वृंदाने दाखवली. "इथं धन आहे." उदंड असो. आईच्या आवाजात काहीच फरक नव्हता. मी मात्र प्रत्येक दाराशी लहान होत चाललो होतो.

मग इराची खोली. दार अर्धंच उघडलं. वृंदाच्या सुपाला वाट पुरेना, म्हणून ती थांबली आणि मी एकटा कनिष्ठेला घेऊन आत शिरलो. पलंग, त्यावर शाळेचं दप्तर, भिंतीवर पोस्टर. आतल्या अंगाची खोली. ऊन येतं ती.

"इथं काय आहे?" आईने विचारलं.

वृंदा बाहेरून हळूच म्हणाली, "विद्या म्हण. इथं विद्या आहे." ते म्हणता आलं असतं. खोटंही नव्हतं. पण माझ्या हातांत ते डोळे होते, आणि इराच्या हातात आईचे.

"इथं इराची खोली आहे," मी म्हणालो. "आई, तुझी खोली नाहीये. नव्हतीच कधी. मी खोटं बोलत होतो."

घंटा थांबली. इरा माझ्याकडे पाहत होती. फोनमध्ये आई हलली नाही, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग तिने पदर सावरला.

"उदंड असो," ती म्हणाली. आधी म्हणाली होती तशीच. "चल पुढं. अवघडली असेल ती."

मी बाहेर आलो. कोपऱ्याशी गेलो. आधी ज्येष्ठा, मग कनिष्ठा. मी मुखवटा काठीवर चढवताना वृंदाने खालून धरलं. मान किंचित वळवली, नथ सरळ केली, पदर डोक्यावरून घेतला. आणि काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. क्रिंगलोपची स्टुलं, गव्हाचे डबे, लाटणी, उशा, सगळं मी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. पण आता ते कुठेच नव्हतं. दोन बहिणी आमच्या घरात आल्या होत्या आणि त्यांच्यामागे बाल्कनीच्या काचेतून अख्खं आभाळ होतं. छत वर गेल्यासारखं वाटलं. इराने फोन ठेवला आणि न सांगता वाकली. मग दबक्या आवाजात म्हणाली, "दे आर लुकिंग अॅट अस, बाबा." गॅलरीच्या उघड्या दारातून शेजारच्या आजीबाई आत बघत होत्या, पिशवी अजून हातातच.

संध्याकाळी शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य झाला. प्राजक्ता पोचली होती, स्वतःला आणि रेल्वेला शिव्या देत भाकऱ्या थापत होती. मी फोन घेऊन बाल्कनीत गेलो.

"आई, रागावलीस?"

"मला ठाऊक होतं रे. दर रविवारी तीच कुंडी. माणसाचं घर असतं का एका कुंडीचं?" मग म्हणाली, "पण तू सांगायचीच वाट बघत होते. नाहीतर मी यायचं कुठं? त्या कुंडीत?"

मला हसू आलं आणि मग आवरेना. तीही हसत होती.

"तो कोपरा दाखव परत," ती म्हणाली. मी आत येऊन फोन त्या दोघींसमोर धरला. ती बराच वेळ बघत राहिली. चाळीसएक वर्षं त्या दोघींना तिने नेसवलं होतं. "दोघी तीन दिवस उभ्या राहणारेत तेवढ्या जागेत. मला तर नुसतं आडवंच व्हायचंय."

ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील सगळं झालं. सोमवारी अक्षता टाकून मुखवटे जरासे हलवले, म्हणजे निरोप झाला. साड्या घडी केल्या, गहू पिशवीत भरले, स्टुलं खाली तळघरातल्या सायकलींमागे गेली. मुखवटे पुन्हा आईच्या साडीच्या तुकड्यात.

मग मी सोफा जागेवर सरकवायला गेलो. एका बाजूने उचललाही. वृंदा टेबलाशी बसून दोऱ्याच्या गाठी मारत होती, तिने वर पाहिलं. मी सोफा खाली ठेवला.

तो अजून टेबलाला भिडलेलाच आहे. जेवायला बसायचं तर एकाला त्याच्या पाठीवरून उडी मारून जावं लागतं, बहुतेक इराला. कोपरा मोकळा आहे. रविवारी फोन करतो तेव्हा मी आता तिथेच बसतो, भिंतीला टेकून, जमिनीवर, आणि आई तिकडून विचारते, "माझ्या जागेवर कोण बसलंय?"