कोणतीही जागा चालेल

ऑफिसात त्यांना चालेलराव म्हणायचे. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, आणि ते वाचायची वेळ त्यांच्याशिवाय कुणावर येत नसे. कॅन्टीनचा चहा गार निघाला, चालेल. ठरलेली रजा शेजारच्या टेबलाला दिली, चालेल. तळघरातल्या गोदामात बदली झाली आणि तिथं दिवाच नाही असं कळलं, तेव्हा म्हणाले, "चालेल, माझ्याकडे टॉर्च आहे."

मग मिक्सर, पंखे, इस्त्र्या विकणाऱ्या त्या कंपनीनं शाखाच गुंडाळली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घसा साफ केला आणि तुमची जागा राहत नाही असं सांगितलं. सवयीनं यांच्या तोंडून निघालं, "चालेल." साहेबांनी पाण्याचा ग्लास त्यांच्यासाठी मागवला होता, तो स्वतःच पिऊन टाकला.

त्यानंतर माणसानं रडावं, चिडावं, निदान दाढी तरी वाढवावी. चालेलराव रोज दाढी करत होते. जेवत होते, भांडी विसळत होते, बायकोनं सांगितलं की दळण आणत होते. फक्त सगळं फोमच्या आतून चालल्यासारखं. नवं यंत्र खोक्यात कसं चहूबाजूंनी दाबून बसवलेलं असतं, हलवलं तरी वाजत नाही, तसं.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांना विचारायचं, "हे स्पष्ट, की हे?" घरी आल्यावर ती नवऱ्याला विचारायची, "वांगी करू की दोडका?" आणि उत्तर यायचं, "काहीही."

"काहीही नावाची भाजी मंडईत मिळत नाही हो," ती म्हणायची आणि वांगी करायची.

तिनंच त्यांचा बायोडेटा एका भरती करणाऱ्या संस्थेकडे पाठवला होता. तिथल्या मुलीची मेल आली. एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीच्या गोदामात तीन जागा होत्या. पहिली, साठ्यावर देखरेख. दुसरी, डिस्पॅच, म्हणजे कुठली गाडी कधी कुठं पाठवायची याची आखणी. तिसरी, परतावा विभाग, म्हणजे गिऱ्हाइकांनी परत धाडलेल्या मालाची तपासणी. शेवटी लिहिलं होतं, "यापैकी कोणती जागा आपल्याला अधिक आवडेल, ते कृपया कळवा."

चालेलरावांनी बसल्या जागी उत्तर टाकलं, "कोणतीही चालेल. आभारी आहे."

तासाभरात त्या मुलीचा फोन आला. आवाज तरुण होता, आणि कंटाळा नम्रपणे झाकलेला.

"सर, उत्तर मिळालं. पण 'कोणतीही' नावाची जागा नाहीये माझ्याकडे."

बायकोचं वांग्यांच्या वेळचं वाक्य असं फोनवरही येऊन भेटलं. ते म्हणाले, "मला खरंच तिन्ही जमतील. साठा बघितलाय, गाड्याही लावल्यात."

"जमतील हो. म्हणून तर विचारलं. पण तीन जागांचे तीन मॅनेजर आहेत. एकच बायोडेटा तिघांकडे गेला की तिघं एकमेकांना विचारतात, आणि माणूस तिघांच्याही ढिगात तळाशी जातो. मला एक पसंती द्या. दुसरी असेल तर तीही. उद्या दुपारनंतर मी पहिली नावं पाठवणारे."

"तुम्हीच ठरवा ना."

"मी ठरवलं तर मुलाखतीत अडकाल. पहिला प्रश्न तोच असतो, इथंच का?"

फोन ठेवून ते खुर्चीवर बसून राहिले. तिन्ही जागा मनात आणून पाहिल्या. साठ्याच्या जागेला पगार बरा असणार. डिस्पॅचला मान. परताव्याला काय, तुटके दांडे आणि भांडणं. यातलं काहीही आत कुठं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "दुकानात या. कालची मेल मला वाचून दाखवताना डोळे बारीक करत होतात, नंबर वाढलाय. आज गर्दी नाही."

"चालेल," म्हणून ते गेले.

तिनं खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड गोल चौकट चढवली, एक डोळा झाकला. भिंतीवर अक्षरं उजळली. ती कामावरच्या आवाजात बोलायला लागली. त्या आवाजात अहो-जाहो होतं, पण नवरा नव्हता.

"हे स्पष्ट, की हे?"

"दोन्ही चांगली आहेत."

"चांगलं नाही विचारलं. स्पष्ट कुठलं?"

"पहिलं."

"आता हे, की हे?"

"दुसरं."

"हे, की हे?"

"पहिलं."

"साठा, की डिस्पॅच?"

"साठा."

"हे, की हे?"

"दुसरं."

"साठा, की परतावा?"

"परतावा."

चालेलरावांनी चौकटीतून तिच्याकडे पाहिलं. ती काचांच्या पेटीत काहीतरी शोधत होती, किंवा तसं दाखवत होती.

"फसवलंस," ते म्हणाले.

"लोकांसमोर सगळ्या काचा एकदम मांडल्या तर कुणालाच सांगता येत नाही. दोन-दोन दाखवायच्या. डिस्पॅच, की परतावा?"

"परतावा. आत्ताच तर विचारलंस."

"मघाशी साठा होता. आणि पुन्हा विचारावंच लागतं. पुष्कळ लोक मला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. परतावा, की साठा?"

"परतावा," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तुला बरं वाटावं म्हणून नाही."

"मग झाकलेला डोळा बदला," ती म्हणाली आणि पुढची काच घातली.

तिच्याच काउंटरवर बसून त्यांनी मेल लिहिली. पहिली पसंती परतावा विभाग. दुसरी साठा. डिस्पॅच नको, तिथं रात्रपाळी असेल तर झेपणार नाही. लगेच रुजू होऊ शकतो. पगाराची मर्यादा आणि कामाच्या वेळा कळवाव्यात. बायकोनं वाचून एक "कृपया" खोडला; तीन झाले होते.

दुपारी उत्तर आलं. "मिळालं सर, परताव्याच्या मॅनेजरकडे नाव पाठवलं. ते विचारतात, इतका अनुभव असताना ही खालची जागा का? पगारही साठ्यापेक्षा कमी आहे, आकडा खाली दिलाय. दोन ओळी लिहून द्याल?"

बायको आत एका आजोबांना अक्षरं वाचायला लावत होती. विचारायला कुणी नव्हतं. चालेलरावांनी आकडा पाहिला. कमी होता. त्यांना तळघरातलं जुनं गोदाम आठवलं. टॉर्चच्या उजेडात परत आलेली खोकी उघडायची. वर लिहिलेलं असायचं, चालत नाही. निम्म्या मिक्सरांना काहीच झालेलं नसे, फक्त झाकण नीट बसवलेलं नसे. झाकण बसवून बटण दाबलं की पातं फिरायचं. त्या आवाजासाठी ते कधी कधी पाच मिनिटं उशिरा घरी गेले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी लिहिलं, "परत आलेली वस्तू उघडून बघायला मला आवडतं. बिघडली नसेल तर तसं सांगायलाही आवडतं. पगार पाहिला, तरी हीच जागा हवी."

पाठवून झाल्यावर ते वाक्य पुन्हा वाचलं. आनंद वगैरे काही झाला नाही. मात्र "हवी" हा शब्द आपणच टाइप केला का, याची त्यांनी चष्मा पुसून खात्री केली.

आजोबांना सोडून बायको बाहेर आली. "काय लिहिलंत?"

"दोन ओळी मागितल्या होत्या."

"मग?"

"तीन झाल्या," ते म्हणाले. "यातला कृपया काढू नकोस, घातलेलाच नाहीये."