पावसाळ्याचा रकाना

माझ्या नवऱ्याचा आवाज एवढा मोठा होता, की तो दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायला लागला की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला वाटायचं आपल्यालाच हाक मारली. मग न मागवलेला चहा यायचा. आला चहा परत कसा पाठवायचा, म्हणून आम्ही तो प्यायचो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळात आमचं शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान. मुरगूडकडचा, कागलकडचा शेतकरी मोडका भाग फडक्यात बांधून आणायचा, काउंटरवर सोडायचा आणि म्हणायचा, "असलाच द्या." हा बघायचासुद्धा नाही नीट. हातात वजन घेतलं की मागं वळून बरोबर त्या खणाला हात घालायचा.

तोच आवाज गेला. घशाचं दुखणं निघालं, मिरजेला ऑपरेशन झालं, आणि घरी आला तो कुजबुजत. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. त्याला कुणी सांगितलं नाही, पण तो काही दूधखुळा नव्हता.

थोरल्या दिरांना आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, पण त्यांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर भाड्यात दिसायचं. ते येऊन बसले आणि मला म्हणाले, "हे बाईमाणसाचं काम न्हवं. शेकड्यानं सुटे भाग. कुठला संपला, कुठला मागवायचा, सगळं ह्याच्या डोस्क्यात. उद्या गाळा भाड्यानं दिऊ, निवांत ऱ्हावा."

नवरा भिंतीकडं तोंड करून पडला होता. अण्णा गेल्यावर त्यानं मला खूण करून जवळ बोलावलं आणि कुजबुजला, "तुला चालवायचं हाय का दुकान?"

मी म्हटलं, "हाय की."

"मग डोस्क्यातलं काढून घे."

मुलं शाळेत जायला लागल्यावर मी हौसेनं कॉम्प्युटरचा क्लास केला होता. तेव्हा हाच मला चिडवायचा, की आता भाकरी माउसनं थापणार का. त्या क्लासमधलं एक्सेल आता कामाला आलं. दुकानात जुना कॉम्प्युटर आणून ठेवला, लाइट जायची म्हणून खाली यूपीएस ठेवला. तो खाटेसारख्या लांब बाकड्यावर उशी घेऊन पडायचा, मी एकेक खण उघडून मोजायची आणि लिहायची: वस्तू, प्रकार, शिल्लक, खरेदीचा दर, किंमत. शिल्लक गुणिले दर म्हणजे किंमत, तेवढं सोपं होतं. अवघड होता तो पुढचा रकाना. मिनिमम. म्हणजे माल किती खाली आला की नवीन मागवायचा.

"बेअरिंगचं मिनिमम किती?" मी विचारायची.

तो डोळे मिटून विचार करायचा. माल सांगितल्यापासून यायला किती दिवस लागतात आणि तेवढ्या दिवसांत किती खपतो, हे त्याच्या डोक्यात कुठंतरी फिरायचं आणि आकडा बाहेर यायचा. मग एकदा म्हणाला, "उन्हाळ्यात का पावसाळ्यात?"

मी कपाळाला हात लावला. पण खरं होतं ते. उन्हाळ्यात उसाला पाणी द्यायची घाई, फूटव्हॉल्व्ह आणि पंपाच्या ग्लँडमध्ये भरायची दोरी पुरत नाही. पावसाळ्यात त्यांना कुत्रं विचारत नाही. मात्र पंचगंगेला पूर आला की काठावरच्या मोटारी बुडतात आणि बेअरिंग, वायंडिंगची तार यांना मागणी येते. म्हणून मी मिनिममचे दोन रकाने केले, एक उन्हाळ्याचा, एक पावसाळ्याचा. पहिल्या पानावर वर एक चौकोन ठेवला. त्यात 'उन्हाळा' लिहिलं की हिशेब पहिल्या रकान्यातून आकडा उचलायचा, 'पावसाळा' लिहिलं की दुसऱ्यातून. आणि शिल्लक त्या आकड्यापेक्षा कमी झाली की ती ओळ आपोआप लाल व्हायची. त्याला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात, पण तो म्हणायचा, "पेटलं." दुकानात गिऱ्हाईक असताना मी एखादी विक्री लिहिली आणि ओळ लाल झाली, की बाकड्यावरून बारीक आवाज यायचा, "पेटलं का? फोन कर."

उन्हाळ्याचा रकाना त्यानं पुरा केला. फक्त एका ठिकाणी अडला. मागच्या भिंतीला छतापर्यंत ऑइल इंजिनाचे भाग होते. पिस्टन, लायनर, नोझल, गॅस्केट. तो तरुणपणी इंजिनंच दुरुस्त करायचा, त्या कमाईवर हे दुकान उभं राहिलं. खंडेनवमीला आधी त्या भिंतीला हार, मग गल्ल्याला. आता शेतोशेती वीज गेली होती आणि इंजिनाचं गिऱ्हाईक वर्षात एखादं फिरकायचं. मिनिमम विचारलं की तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे कोरं."

कोरं ठेवलं. त्यामुळं लाल फक्त मोटारींच्या मालात दिसायचं आणि इंजिनाचा अख्खा भाग पांढराशुभ्र. बघणाऱ्याला वाटावं, तिथं सगळं उत्तम चाललंय.

मग मी पिव्हट केलं. प्रकारानुसार किती किमतीचा माल पडून आहे ते एका छोट्या तक्त्यात दाखवायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा इंजिनाचा आकडा सगळ्यात लहान आला आणि तो खुशीत मान हलवायला लागला. मला शंका आली. इंजिनाच्या कितीतरी भागांचे जुने दर सापडले नव्हते, त्यांच्या किमतीचे चौकोन मी रिकामे सोडले होते. असे रिकामे चौकोन असले की पिव्हट आपण होऊन किमतींची बेरीज धरत नाही, नुसत्या भरलेल्या नोंदी मोजतं. आम्ही किंमत समजून नोंदींची संख्या वाचत होतो.

त्याला तसं सांगितलं. तो बाकड्यावरच त्या भिंतीकडं कुशीवर वळला. मग एकेका भागाचा दर सांगत गेला, सगळे पाठ होते त्याला. आधी का नाही सांगितले ते मी विचारलं नाही. दर भरले, पिव्हट बेरजेवर आणलं. दुकानातल्या एकूण मालाच्या निम्म्याहून जास्त किंमत त्या एका भिंतीवर होती. जी भिंत कधीच लाल झाली नव्हती.

"ते पेटणार कसं," तो म्हणाला. "खपतच न्हाय तर कमी कसं हुईल? आणि मिनिमम न्हाय म्हटल्यावर कुणाला काय कळणार."

मी म्हटलं, "राहू दे की. जागा खातंय तेवढं खातंय."

त्यानं ते मानलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मला फाउंड्रीला माल देणाऱ्या भंगारवाल्याला फोन करायला लावलं. मी भांडले. म्हटलं, तुमच्या डोळ्यांदेखत मी हे होऊ देणार नाही. तो कुजबुजला, "माझ्या डोळ्यांदेखतच व्हायला पायजे. मागनं तू विकलंस तर अण्णा म्हणतील, गल्ल्यावर बसल्या बसल्या नवऱ्याची भिंत मोडली. आत्ता मी मोडतो."

मला तिथंच समजलं, की हा आवराआवर करतोय. माझं काळीज तुटलं, आणि रागही आला. एवढं सगळं माझ्यासाठी ठरवून ठेवायचा हक्क त्याला कुणी दिला, असं वाटलं.

भर दुपारी टेम्पो आला. तो बाकड्यावर उठून बसला आणि शेवटचा लायनर जाईपर्यंत बसून राहिला. एकही भाग त्यानं हातात घेतला नाही. भंगाराला आला तो भाव आला, पण त्यातून उन्हाळ्याचा माल भरला गेला. मी शिल्लक शून्य लिहीत गेले. शून्य झालं तरी ओळी पांढऱ्याच राहिल्या, कारण त्यांना मिनिमम नव्हतं. पिव्हटमध्ये मात्र ती मोठी किंमत तशीच दिसत होती. पिव्हट आपणहून बदलत नाही, त्याला रिफ्रेश करावं लागतं. माझा हात पुढं होईना. त्यानं बोटानं पडद्याकडं खूण केली.

"कर," म्हणाला.

मी केलं. तिथं शून्य आलं.

राहिला पावसाळ्याचा रकाना. तो कोरा होता. मी दोन-तीनदा वही-पेन्सिल घेऊन जवळ बसले, कारण तोपर्यंत त्याला दुकानात येणं झेपेना, तो घरीच असायचा. दर वेळी तो डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू."

मी वही मिटायची. खरं सांगायचं तर मला ते वाक्य फार आवडायचं. जो भिंत मोडायलासुद्धा थांबला नाही, तो माणूस पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू म्हणतोय, म्हणजे त्याला पावसाळा दिसतोय, असा अर्थ मी लावला होता. तो कोरा रकाना मी जपत होते. भरला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं.

वळिवाच्या दिवसांत तो गेला. घरात माणसं जमली, रडारड झाली. मला रडू आलं नाही. सगळ्या बायका माझ्याकडं बघून एकमेकींशी बोलत होत्या. अण्णांनी दुकानाचा विषय काढला. मी म्हटलं, "अण्णा, दुकान चालू हाय."

उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत त्यानं सांगितलेल्या आकड्यांवर दुकान बिनचूक चाललं. ओळ लाल झाली की मला बाकड्यावरून आवाज यायचा आणि मी फोन करायची. लोक म्हणायचे, बाई धीराची हाय. मी धीराची नव्हते. मला तो रोज सांगत होता, बाकी काही नव्हतं.

जूनमध्ये एक दिवस बाहेर पाऊस लागला होता. पन्हाळ्याकडचा एक शेतकरी भिजत आला आणि बुडालेल्या मोटारीसाठी बेअरिंग मागितलं. खणात शेवटचं निघालं. ते त्याला दिलं, शिल्लक शून्य लिहिली आणि मग ध्यानात आलं, की अजून वरच्या चौकोनात 'उन्हाळा'च आहे. तेव्हा पानावर दहा-बारा ओळी लाल होत्या, त्यात बेअरिंगची सगळ्यात वर.

मी 'उन्हाळा' पुसून 'पावसाळा' लिहिलं.

एका क्षणात सगळं लाल विझलं. बेअरिंग खणात एकही नव्हतं आणि त्याची ओळ पांढरी होती. कोऱ्या रकान्यातून हिशेबाला शून्य मिळत होतं, आणि शून्याहून कमी काही होत नाही. अख्खं पान ऑइल इंजिनाच्या भिंतीसारखं शांत झालं. त्या पानाच्या लेखी माझ्या दुकानात आता कशाचीच कमी नव्हती.

शेतकऱ्याला सुटे पैसे द्यायचे होते आणि मला समोरचं दिसेना. मी काउंटरवर डोकं टेकून रडले, मोठ्यानं. तो बिचारा घाबरला. "वैनी, काय झालं वो?" म्हणत तो काउंटरच्या आत आला. रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला वाटलं हाक आली. तो दोन चहा घेऊन आला आणि बाकड्यावर ठेवून गेला.