आधी सांगा, कोणाच्या अंगावर?

माझी आई त्वचारोग विभागात नर्स आहे. मोठ्या सरकारी दवाखान्यात, तळमजल्यावर, शेवटच्या खोलीत, सव्वीस वर्षं. नातेवाइकांच्या लेखी मात्र ती डॉक्टरच. कोणाच्या पाठीवर फोड आला की त्याचा फोटो आधी आईच्या फोनवर येतो, मग जमलं तर माणूस दवाखान्यात जातो. नातेवाईक तिला मागे ‘चौकशीबाई’ म्हणतात, कारण एक फोटो पाठवला की ती उलट दहा प्रश्न पाठवते. माझा मावसभाऊ एकदा वैतागून म्हणाला होता, “मावशी, पासपोर्ट काढतानासुद्धा एवढं विचारत नाहीत गं!”

पण ती पहिल्यापासून अशी नव्हती. बारा वर्षांपूर्वी तिच्या हातात पहिला कॅमेऱ्याचा फोन आला, तेव्हा तिला त्याचं फार कौतुक होतं. त्याच महिन्यात मामाने कमरेवरच्या एका लाल चट्ट्याचा फोटो पाठवला. आईने एक नजर टाकली आणि लिहिलं, “इसब आहे. अमुक मलम लाव.” मामाने लावलं. चार दिवसांत खाज गेली, लाली गेली. मामा खूश, आई त्याहून खूश. मग हळूहळू चट्टा मांडीवर उतरला, पोटावर चढला. मामीच्या मानेवरही उठला. शेवटी मामा दवाखान्यात आला, तेव्हा आईच्या विभागातल्या डॉक्टरबाईंनाही नुसतं बघून ओळखता येईना. त्यांनी कातडीचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. गजकर्ण होतं. त्या मलमात स्टेरॉइड होतं. त्याने लाली दबली, गजकर्णाची ओळखीची गोल कडा पुसली गेली आणि आतल्या आत बुरशीला मोकळं रान मिळालं. बरं व्हायला अर्धं वर्ष गेलं.

आईने डॉक्टरबाईंना स्वतःहून सांगितलं, की मलम मीच सुचवलं होतं. बाई रागावल्या नाहीत. “नुसता तो फोटो बघून मीही कदाचित इसबच म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. आईला ओरडा बसला असता तर बरं वाटलं असतं. ज्यांनी उभा जन्म यात घालवला त्यांचीही फोटोवर फसगत होते म्हटल्यावर आपली काय कथा, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या एका रविवारची. दुपारची जेवणं आटोपली होती. बाबा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले होते, मी भांडी विसळत होते. आईचा फोन वाजला. मोठ्या काकांनी फोटो पाठवला होता. मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलं, त्या आवाजाने कान अधू झाले आणि बोलणं त्याहूनही कमी झालं. वाढदिवसाला घरी गेलं तरी “बरं” आणि “हो” याच्या पलीकडे गाडी जात नाही. फोटोसोबतही एक अक्षर नव्हतं.

आईने हात पुसून फोटो मोठा केला. पिवळट उजेडात कातडीचा एक तुकडा, त्यावर गडद तांबडे डाग, काही मधोमध जास्त काळपट. छाती, पाठ की मांडी, काहीच कळत नव्हतं.

“घामोळं असेल,” मी ओल्या हातांनी वाकून बघत म्हटलं.

“दाखव,” म्हणत बाबा उठले. “अगं, पित्त उठलंय दादाला. त्याला जुना त्रास आहे. पित्ताची गोळी घे म्हणून कळव आणि सोड.”

खरं सांगायचं तर आईलाही तसंच वाटलं होतं. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिने लिहिलं, ‘पित्त दिसतंय, गोळी’, आणि तिचा अंगठा थांबला. तिने ते खोडलं आणि नव्याने लिहिलं: ‘भाऊजी, हे कोणाच्या अंगावर आहे?’

बाबा हसले. “दादाने पाठवलंय म्हणजे दादाच्याच असणार ना!”

“असेल. पण त्यांनी तसं म्हटलेलं नाही.”

निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. आईने फोन लावला. काकांना ऐकू जात नाही म्हणून ते उचलत नाहीत, हे ठाऊक होतंच. मग तिने काकूला लावला. खूप वेळ वाजल्यावर काकूने उचलला आणि तिचा आवाज ऐकून आई खुर्चीच्या काठावर बसली. काकूचा आवाज म्हणजे एरवी खणखणीत नाणं. त्या दिवशी ती तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखी बोलत होती.

“ताई, भाऊजींच्या अंगावर काही उठलंय का?”

“त्यांच्या नाही गं, माझ्या. मी म्हटलं होतं नका पाठवू. उगाच सुट्टीच्या दिवशी तुला त्रास.”

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

आईने तिला सांगून फोन स्पीकरवर टाकला. तिचा आवाज दवाखान्यातला झाला, म्हणजे सावकाश आणि सपाट. “कधीपासून आहे?”

“परवा छातीवर दिसलं. आज पाठीवर, हातांवरही आलंय.”

“खाजतंय?”

“खाजत नाही, दुखतं. अंगावर कपडा नको वाटतो.”

“ताप?”

“आहे थोडा. सर्दीचा असेल. डोळेही चुरचुरतायत, लाल झालेत.”

“तोंड बघा आरशात. आत काही आहे?”

“तोंड आलंय ना. कालपासून काही गिळवत नाही. उष्णता झाली असेल.”

माझा नळ चालूच राहिला होता. बाबांनी तो बंद केला.

“श्वासाला त्रास? चेहरा, जीभ, ओठ सुजलेत?”

“ओठ जरा जाड वाटतात. श्वास ठीक आहे.”

“महिन्याभरात कुठलं नवीन औषध सुरू केलंय?”

काकू हळूच म्हणाली, “तसं नाही काही.”

“ताई, कसलंही. साधी गोळी, काढा, दुखण्यावरचं, काहीही.”

“अगं, आता भावोजींसमोर काय सांगू.”

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा मुकाट्याने गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.

“लघवीला जळजळ होत होती,” काकू म्हणाली. “आमच्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्यात. आज आठवा दिवस. पण त्याचा अंगावरच्या डागांशी काय संबंध? जळजळ तर थांबली.”

आईने पाकिटावरचं नाव एकेक अक्षर वाचायला लावलं आणि कागदावर लिहून घेतलं. “पूर्वी कधी कुठल्या गोळीची रिअ‍ॅक्शन आली होती?” तिने विचारलं. काकूला आठवत नव्हतं. मग आईने काकूकरवी काकांना पारदर्शक काचेचा पेला आणायला सांगितलं. पेला डागांवर दाबायचा आणि काचेतून बघायचं, की डाग मावळतात का. पलीकडून काकांचा मोठा, जरा घाबरलेला आवाज आला, “काही मावळतात. काही नाही!”

“ताई, नीट ऐका,” आई म्हणाली. “काय झालंय ते मला माहीत नाही आणि मी ओळखणारही नाही. पण नवीन गोळी, दुखणारे डाग, ताप, तोंड आणि डोळे, हे सगळं एकदम आलं की उद्यावर टाकायचं नसतं. आत्ता निघा. संध्याकाळची गोळी डॉक्टरांनी बघेपर्यंत घेऊ नका. पाकीट आणि चिठ्ठी सोबत आणा. अंगाला काही लावू नका. आमच्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात या, मी दारात उभी असते.”

“एवढं काय गं…”

“ताई, मला घाबरट म्हणा. पण निघा.”

आम्ही पोचलो तेव्हा काका-काकू रिक्षातून उतरतच होते. काकूने चादर ढगळ लपेटून घेतली होती. काकांच्या हातात पाकीट होतं, मुठीत इतकं घट्ट धरलेलं की ते चुरगळलं होतं. तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने काकूचं तोंड पाहिलं, पापण्या उलटून डोळे पाहिले, पाठ पाहिली. मग पाकीट उजेडात धरून नाव वाचलं आणि विचारलं, “यातली शेवटची गोळी कधी घेतली?”

“सकाळी.”

“यापुढे नाही. कधीच नाही.”

औषधाची रिअ‍ॅक्शन होती. कातडी अजून सुटायला लागली नव्हती, पण अशा पुरळात ती पुढे सुटू शकते. तोंडाला, डोळ्यांनाही इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टरने तिला दाखल करून घेतलं. रक्त तपासायला गेलं, डोळ्यांचे डॉक्टर येऊन थेंब सांगून गेले. बाबांनी बाहेर येऊन मला हळूच विचारलं, “पित्ताची गोळी दिली असती तर?” मी आईकडे बोट दाखवलं.

“त्या गोळीने काही बिघडलं नसतं,” आई म्हणाली. “पण औषध दिलंय म्हटल्यावर ताई निवांत झाल्या असत्या. संध्याकाळची, उद्याची, परवाची, सगळ्या गोळ्या संपवल्या असत्या. कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांतल्या त्या नाहीत.”

पहिले दोन दिवस वाईट गेले. काकूच्या छातीवर तीन-चार फोड आले, ओठ सोलले. आई आपली ड्यूटी संपली की वर वॉर्डात जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. नवीन डाग आला नाही. चौथ्या दिवशी काकूने पेज मागितली आणि अर्धी वाटी खाऊन ‘मीठ कमी आहे’ म्हणाली. हे ऐकल्यावर आई जिन्यात येऊन एका पायरीवर बसली आणि चांगली पाच मिनिटं रडली. मी पाठीवर हात ठेवला, तर म्हणते, “असू दे गं. आता सुटल्यासारखं वाटतंय.”

काका रोज बाहेरच्या बाकावर बसलेले असत. त्या दिवशी आई त्यांच्या उजव्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, “भाऊजी, फोटोखाली दोन शब्द लिहायचे ना!”

काका जमिनीकडे बघत म्हणाले, “काय लिहू? ती म्हणत होती काही नाही, आणि मला तर भीती वाटत होती. म्हटलं, तुला फोटोतच दिसेल.”

“मला नाही दिसत हो फोटोत,” आई म्हणाली. “कोणाचं, कधीपासून, ताप आहे का, कुठली गोळी चालू आहे. एवढं लिहिलंत तरी माझं निम्मं काम होतं. आणि भीती वाटत असेल, तर तेही लिहा. तेही उपयोगाचं असतं.”

काकांनी मान हलवली. आईच्या दोन्ही हातांवर त्यांनी आपला खरखरीत हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

आठव्या दिवशी काकूला घरी सोडलं. पुन्हा कधीच घ्यायचं नाही त्या औषधाचं नाव डॉक्टरने ठळक अक्षरांत कार्डावर लिहून दिलं होतं आणि ते प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक औषधवाल्याला आधी दाखवायचं म्हणून दोनदा बजावलं होतं. काकूने ते पर्समध्ये सगळ्यात वर ठेवलं. गाडीत बसताना तिने खिडकीची काच पूर्ण खाली केली. वाटेत वॉर्डातल्या उशांबद्दल, शेजारच्या बाईच्या घोरण्याबद्दल आणि काकांनी आठ दिवसांत घराची काय दशा करून ठेवली असेल याबद्दल ती अखंड बोलत होती. आवाज पुन्हा खणखणीत झाला होता. काका पुढच्या सीटवर बसून मान वळवून तिच्याकडे बघत होते. त्यातलं त्यांना किती ऐकू येत होतं, देव जाणे.