सहा महिन्यांचे दाणे

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या आवारात आमच्या रोपवाटिकेने लावलेल्या शंभरेक कुंड्या होत्या. जास्वंद, एक्झोरा, थोडी बोगनवेल. त्या मामांनी सांभाळल्या होत्या. मामा धावडा गावचे, माझ्याकडे बारा वर्षं कामाला. दर दहा दिवसांनी बादलीभर पाण्यात बाटलीच्या झाकणाने मोजून पातळ खत घालायचे आणि ओल्या मातीवरच ओतायचे. कोरड्या मातीत खत ओतणाऱ्याला ते माणसात धरत नसत.

मग कंपनीत नवे व्यवस्थापक आले. या साहेबांना मोबाइलवर पाहिलेलं सगळं येत होतं. फेब्रुवारीअखेरीस ते खताच्या रंगीत दाण्यांच्या पिशव्या घेऊन आले आणि मला म्हणाले, "ताई, हे एकदा टाकायचं. सहा महिने बघायचं नाही. तुमच्या मामांच्या बादल्या बंद."

"साहेब, पिशवीवर खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय, ते वाचलंत का?"

"सहा महिने. मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सरासरी एकवीस अंश तापमानाला. दाण्याभोवती पातळ कवच असतं. ओल आत शिरते, खत विरघळतं आणि हळूहळू बाहेर झिरपतं. माती जितकी तापेल तितकं जास्त झिरपतं. आणि या कुंड्या काळ्या, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या. मे महिन्यात दुपारी त्यांच्या कडेला हात लावून बघावा कुणी.

हे मी सांगायला हवं होतं, ठासून. मी नुसती पुटपुटले. कंपनीचं काम हातचं जाईल, ही भीती. साहेबांवर हसण्याचा हक्क मला तेव्हापासून अर्धाच उरला, पण तो अर्धा मी पुरेपूर वापरला.

मामांनी विचारलं, "मंग आता मी काय, नुसतं पाणीच मारू का?"

"नुसतं पाणी," साहेब म्हणाले. "हे विज्ञान आहे, मामा."

एप्रिलमध्ये कुंड्या इतक्या तरारल्या की साहेब येईल त्याला फोटो दाखवायचे. काही पानांच्या कडा मात्र करपल्या होत्या. उष्णतेने दाणे भराभर रिते होत होते आणि मातीवर क्षारांचा पांढरट थर धरत होता. "उन्हाचा चटका," साहेब म्हणाले. मामा हळूच म्हणाले, "उन्हाचाच है, पण वरतून न्हाई, मुळाकडून."

जूनच्या सुरुवातीला जास्वंदीची खालची पानं पिवळी पडली. मग वरची फिकी झाली. कळ्या गळाल्या. साहेबांनी मला बोलावून मामांसमोरच विचारलं, "पाणी बराबर घालत नाहीत का हे?"

मामांचा चेहरा पडला. बारा वर्षांत कुणी त्यांना असं बोललं नव्हतं.

"खत संपलंय, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी वाकून कुंडीतून मूठभर माती उचलली. "हे काय मग? दाणे जसेच्या तसे आहेत! सहा महिने व्हायला अजून अडीच महिने आहेत."

मी एक दाणा घेऊन चिमटीत दाबला. टरफल चेपलं, पाण्याचा थेंब निघाला, बस्स. मग त्यांच्याच कपाटातल्या न फोडलेल्या पिशवीतला दाणा चाकूने कापून दाखवला. आत कडक, पांढरं खत. साहेब म्हणाले, त्या थेंबातही खत असेल. वाद घालायला पदवी लागत नाही.

मामा म्हणाले, "तपासा ना मंग. तुमच्याकडे मशीन है."

खरंच होतं. बियाण्यांच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी दोन कुंड्यांतून निथळलेलं पाणी पेल्यात धरलं, क्षार मोजायचं यंत्र बुडवलं, मग नळाच्या पाण्यात बुडवलं. आकडे जवळपास सारखेच आले. "यात खत फारसं नाही, सर," त्या म्हणाल्या. साहेबांनी यंत्राच्या बॅटरीची चौकशी केली.

दुसऱ्या दिवसापासून मामांची बादली सुरू झाली, आधी अर्ध्या मात्रेची. पंधरा दिवसांत कोवळी पानं हिरवी फुटली. पातळ खताचं तसंच असतं, लगेच लागू पडतं आणि पाणी जास्त झालं की तितक्याच लगेच वाहूनही जातं. म्हणून मीही दाणे सोडले नाहीत. आता उन्हाळ्याआधी थोडेच घालते, दोन-अडीच महिन्यांत संपले असं धरून चालते आणि मधे पातळ खत देते.

साहेबांनी मामांची माफी मागितली नाही. वरच्या साहेबांना मात्र पत्र लिहिलं, की दाणे आणि पातळ खत यांचं मिश्र नियोजन त्यांनी स्वतः अभ्यासून सुचवलं. त्याची प्रत मलाही आली, ती मी मामांना वाचून दाखवली.

"बिलकुल खरं है," मामा म्हणाले. "अभ्यास त्यांनी केला, झाडं आपली मरून राह्यल्ती."

मी हसले नाही. मामाही हसत नव्हते. ते करपलेली पानं एकेक करून खुडत पुढे गेले.