गुण हातात नव्हता, असं लिहिल्यानंतर

दवाखान्याच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार.

माझा निरोप तुम्ही एकदा वाचलेला आहे. दोन महिन्यांपूर्वी, जायचं ठरलं तेव्हा, मी तो इथेच टाकला होता. त्यावर जोडलेले हात आणि फुलं इतकी आली की लसीकरणाच्या वेळेची सूचना त्यात कुठल्या कुठे वर गेली. आज शेवटच्या दिवशी पुन्हा लिहिते आहे, कारण त्या निरोपातलं एक वाक्य चुकलं होतं आणि त्याचा त्रास मला नाही, दुसऱ्याच कोणाला झाला.

मी कसबा पेठेत, पत्रकांच्या घरात वाढले. आईवडील दोघंही अंधश्रद्धाविरोधी चळवळीतले. शाळेतून आलं की जेवणाआधी पत्रकांच्या घड्या घालायच्या. बुवाबाजी, गंडेदोरे, अंगात येणं, सगळ्यावर आमच्याकडे पत्रक होतं. चालता चालता वाचणाऱ्याला टोचलं नाही तर ते वाक्य कापा, असं वडील सांगायचे. कॉलेजात मी स्वतः पत्रक लिहिलं, डॉक्टरांनी गावात गेलं पाहिजे म्हणून. न जाणाऱ्यांसाठी त्यात 'पळपुटे' हा शब्द होता. इथे आले तेव्हा गाव महापालिकेत येऊन काही वर्षं झाली होती, पण तुम्ही त्याला गावच म्हणत होता, मीही म्हणू लागले. आता मी खराडीला एका कंपनीच्या दवाखान्यात जाते आहे. तिथे ठरलेल्या वेळेला जायचं, ठरलेल्या वेळेला निघायचं. घरी काही अडचण नाही, पुढे शिकायचंही नाही. मी थकले, एवढंच कारण आहे. पहिल्या निरोपात मी हे लिहिलं नव्हतं. तिथे 'नवी जबाबदारी' असा शब्द होता.

चुकलेलं वाक्य मात्र वेगळं आहे.

इथे पहिल्या दिवसापासून माझं तुमच्याशी एकाच शब्दावरून भांडण होतं. हातगुण. ताप उतरला की तुम्ही म्हणायचा, बाईंच्या हाताला गुण आहे. मी म्हणायचे, हाताला नाही, औषधाला आहे. तुम्ही मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन यायचा, हिलाही तुमचा हात लागू द्या म्हणून. मला राग यायचा. खरं सांगायचं तर बरंही वाटायचं, आणि बरं वाटल्याचा पुन्हा राग यायचा. म्हणून जाताना मी तो हिशेब मिटवायचा ठरवला. लिहिलं: 'गुण माझ्या हातात कधीच नव्हता, तो गोळीत होता. मी गेले तरी गोळी तीच राहील.' वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, चांगलं टोचतं.

टोचलं ते नेमकं तुम्हाला. गोळीच महत्त्वाची, तर डॉक्टर कशाला, असा सरळ अर्थ बऱ्याच जणांनी काढला. रक्तदाबाच्या जुन्या पेशंटपैकी निम्मे तरी त्या महिन्यात आले नाहीत. रिकामी पट्टी मेडिकलवर दाखवायची, तशीच नवी घ्यायची. सिस्टर म्हणाल्या, गर्दी कमी झाली. मी म्हटलं, लोक नव्या डॉक्टरांची वाट बघत असतील. तेव्हाच फोन करायला हवे होते. मी केले नाहीत. माझं मन आधीच खराडीला जाऊन बसलं होतं.

जुन्या वेशीपाशी राहणाऱ्या काकूंच्या हृदयात बसवलेली झडप आहे. (हे मी त्यांना विचारून लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "लिहा की. नाव घालू नका. तसंबी गावाला कळायचंच.") लहानपणी सांधे धरून ताप आला, त्यात झडप खराब झाली आणि पुढे पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात ती बदलली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. ही गोळी इतर गोळ्यांसारखी नाही. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मेथी-पालक जास्त खाल्ली, दुसरी एखादी गोळी घेतली, चार दिवस जेवण कमी गेलं, तरी तिचा परिणाम बदलतो. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. सिस्टर सकाळी रक्त घ्यायच्या, नमुना विश्रांतवाडीच्या लॅबला जायचा, रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा संध्याकाळी यायचा. काकूंचा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये हवा. तो पाहून मी काकूंना फोन करायचे: आठवड्याचे पाच दिवस एक गोळी, शनिवार-रविवार अर्धी. किंवा: आहे तसंच चालू द्या. काकू 'बरं' म्हणायच्या आणि मगच पाणी भरून घ्यायच्या. फोन आल्याशिवाय त्या दिवसाची गोळी घेत नसत.

माझं वाक्य त्यांच्या सुनेने त्यांना वाचून दाखवलं. त्या महिन्यात काकू तपासणीला आल्या नाहीत. गोळी रोज घेत होत्या, मेडिकलवरून आणून. गुडघा दुखत होता म्हणून तिथूनच दुखण्याची गोळीही सुरू केली होती. ती रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर कधीच घ्यायची नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं की नाही, मला आजही नक्की आठवत नाही.

सून त्यांना घेऊन आली तेव्हा दातांतून रक्त येत होतं आणि दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग होते. सिस्टरांनी लगेच रक्त घेतलं. लॅबने तातडीने कळवलेला आकडा सहाच्या पुढे होता. आमच्या रिक्षावाल्या दादांनी काकूंना जिथे ऑपरेशन झालं होतं तिथे पोचवलं, मी बरोबर गेले. तिथे त्यांना ठेवून घेतलं, गोळी थांबवली, रोज आकडा बघितला. डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव झाला नव्हता. आकडा जागेवर आला तसं घरी सोडताना बजावलं की उद्यापासून गोळी पुन्हा सुरू करा आणि चार दिवसांनी तपासा.

काकूंनी गोळी सुरू केली नाही.

आता धोका उलटा होता, आणि आधीपेक्षा मोठा. झडपेवर गुठळी धरली तर झडप अडकते, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते. दुसऱ्या दिवशी 'आत्या गोळीच घेत नाहीत' असा सुनेचा फोन आला तशी मी सिस्टर आणि नव्या डॉक्टरांना घेऊन त्यांच्या घरी गेले. नवे डॉक्टर वर्ध्याकडचे, दवाखान्यात येऊन त्यांना आठवडाच झाला होता. काकू ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. आम्हाला बसायला सांगितलं, हात थांबवला नाही.

मी समजावलं. चित्र काढून दाखवलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"पैल्यांदा म्हणला गुण गोळीत हाय," त्या म्हणाल्या. "म्हनून गोळी घेतली, तर रगात आलं. आता म्हणताय तपासणीत हाय. बाई, तुमचं एक काय ते ठरवा."

सिस्टर खाली बघून हसल्या. मला हसता आलं नाही. मी म्हटलं, गोळी, तपासणी आणि आकडा बघून डोस सांगणारं माणूस, तिन्ही लागतात. मी लिहिलं ते अर्धवट होतं. माझं चुकलं.

"मग माणूस लागतंच की," काकू म्हणाल्या. "मी तेच म्हणत होते इतकी वर्षं. तुमी भांडत होता."

नवे डॉक्टर म्हणाले, "काकू, मी आहे ना आता. मी पाहतो तुमचा रिपोर्ट."

"तुमचा हात मला ठावं न्हाई," काकूंनी सांगून टाकलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या हातानं ती पट्टी यांच्या हातात द्या. मग यांच्या हातानं मी घेते."

मी काय करायला हवं होतं, हे आमच्या घरातल्या कुठल्याही पत्रकाने सांगितलं असतं. म्हणायला हवं होतं की काकू, असा गुण देता-घेता येत नाही. मी नेमकं तेच म्हणणार होते. सुनेने कोनाड्यातून पट्टी आणून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली, नव्या डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी एक गोळी काढून दिली. काकूंनी लसणाचे हात पदराला पुसले आणि ती घेतली. "झालं, दिला म्हणायचा," त्या म्हणाल्या.

परतताना मी नव्या डॉक्टरांना म्हटलं की माझ्याकडून खोटेपणा झाला. ते म्हणाले, "मॅडम, कठीण पेशंट जुना डॉक्टर नव्याला समोरासमोर दाखवतो, याला आमच्याकडे हँडओव्हर म्हणतात. तुम्ही तो केलाच नव्हता, आज केला." त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. दोन महिने हातात असताना मी एक चटकदार वाक्य लिहून सगळ्यांना एकदमच सोपवून टाकलं होतं.

पुढचे दिवस मी पेशंटच्या स्टुलावर बसले आणि नवे डॉक्टर खुर्चीवर. सिस्टरांनी ज्यांना मेडिकलवरून पट्ट्या नेण्याची सवय लागली होती त्यांना एकेक फोन करून बोलावलं. साखरवाले, रक्तदाबवाले, फिट येणारे, सगळे. झाडलोट करणाऱ्या मावशींनी रांग लावली आणि 'जुन्या बाईंना शेवटचं बघून घ्या' असं सांगून लोक आणले. मी नको म्हटलं असतं, पण लोक येत होते. सिस्टर, मावशी, दादा, तुमच्या तिघांचे आभार. मी केलेला पसारा तुम्ही आवरलात, आणि मला एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलला असतात तर मला सोपं गेलं असतं.

तुम्हा सगळ्यांचेही आभार. दार उघडायच्या आधी येऊन बसलात, लाजत न बसता कपडे सैल केलेत, मुलांना माझ्या हाती दिलंत. आणि एक विनंती: डोस बदलायचा, गोळी थांबवायची, नवी सुरू करायची, ते खुर्चीवरच्या डॉक्टरांना विचारून. मला विचारून नाही.

आज सकाळी काकूंचं रक्त गेलं. संध्याकाळी आकडा आला, तीनच्या थोडा खाली. माझ्यासमोर नव्या डॉक्टरांनी त्यांना फोन करून सांगितलं की आहे तसंच चालू द्या. मी कपाट रिकामं करत होते. दोन मिनिटांनी माझा फोन वाजला. काकूंचा नंबर होता. मी उचलला नाही. डॉक्टरांनी सांगितलं तशी गोळी घेऊ का, हेच त्यांना विचारायचं आहे ते मला माहीत होतं, आणि मी 'हो' म्हटलं असतं की पुढच्या महिन्यातही त्यांनी मलाच विचारलं असतं. फोन पुन्हा वाजला. मी तो टेबलावर पालथा ठेवला आणि तो थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले. असं मी इथे कधी कोणाच्या बाबतीत केलं नव्हतं.

थोड्या वेळाने सुनेचा सिस्टरांना निरोप आला. आत्यांनी गोळी घेतली, म्हणाली. बाई फोन उचलत नाहीत म्हणून रागावल्यात, पण घेतली.