दुर्गाकाकीचे धणे

वालावलात दुर्गाकाकीचा मसाला ठाऊक नाही असं घर नव्हतं. मार्च उजाडला की तिच्या खळ्यात चटया पसरायच्या, त्यावर मिरच्या आणि धणे वाळत पडायचे. धणे भाजताना ती कधी घड्याळ बघायची नाही. वास बदलला की कढई खाली. कुडाळच्या डंकावर मसाला कुटून आणेपर्यंत तिच्या साडीला, केसांना, अगदी उशीलासुद्धा तोच वास येई.

अशा बाईला कोणी धण्याचं पाणी प्यायला सांगितलं तर ती का ऐकणार नाही?

ते कळलं मोबाइलवरून. बाजारातल्या एका ओळखीच्या बाईने व्हिडिओ पाठवला होता. रात्री चमचाभर धणे पाण्यात भिजत घाला, सकाळी उकळून गाळून प्या. थायरॉईड मुळातून जातो, लघवीची जळजळ थांबते, कोलेस्टेरॉल उतरतं. दुर्गाकाकीला थायरॉईडची गोळी कित्येक वर्षं चालू होती. गोळी घेतली की तासभर चहा नाही, याचाच तिला मनस्वी कंटाळा. दिवाळीच्या सुमारास तिने पाणी सुरू केलं आणि गोळीची पट्टी कपाटात टाकून दिली.

आणि खरंच काही झालं नाही. दोन आठवडे गेले तरी काही नाही. ती नवऱ्याला, दाजींना म्हणाली, "बघा, उगाच त्यो गोळ्यो खाय होतंय."

दाजींनी नुसती मान डोलावली. बायकोच्या धण्यांविषयी बोलायचं धाडस त्या घरात कोणाचं नव्हतं.

मग बायका विचारायला येऊ लागल्या. शेजारची सारिका आली. लग्नाला दोन वर्षं झालेली, तिलाही थायरॉईडची गोळी होती. दुर्गाकाकीने तिला धण्यांची पुडी बांधून दिली आणि सांगितलं, "माका बघ. गोळी सोडलंय, काय झाला?"

झालं ते हळूहळू झालं. माघात दुर्गाकाकी थंडीने कुडकुडायला लागली. दाजी उघड्या अंगाने पडवीत बसलेले असत आणि ही शाल पांघरून. आवाज घोगरा झाला, पावलं सुजली, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा दिसे. पण तिची पाचावर धारण बसली ती वेगळ्याच गोष्टीने. एके दिवशी कढईत धणे होते, ती समोरच उभी होती, आणि धणे जळून काळे झाले तरी तिला कळलं नाही. सून संचिता धावत आली तेव्हा घरभर धूर होता.

"आये, वास येवक नाय तुका?"

दुर्गाकाकी कढईकडे बघत राहिली. तिची आई शेवटी शेवटी पोरांची नावं विसरली होती, चुलीसमोर बसून चूल शोधायची. आता आपलं तेच होणार, असं दुर्गाकाकीच्या मनाने घेतलं. तिने कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मनातल्या मनात भावंडांची नावं घोकू लागली. एखादं नाव पटकन आठवलं नाही की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

त्यातच लघवीला आग होऊ लागली. हे तर धण्याचंच काम, म्हणून तिने पाणी वाढवलं. तांबेच्या तांबे पिऊ लागली. आग थोडी कमीही झाली. मग एका दुपारी पाठीत, बरगडीखाली, असं दुखायला लागलं की तिला सरळ उभं राहवेना. ताप चढला, दात वाजू लागले. संचिताने तिच्या अंगावर दोन गोधड्या टाकल्या तरी खाट हलत होती.

"माका खंय नेतास?" रिक्षात बसवताना ती दाजींना विचारत होती. कुडाळला, असं त्यांनी सांगितलं. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. दाजींनी तिचा हात घट्ट धरला.

इस्पितळात तिला दाखल करून घेतलं, सलाईनमधून औषध सुरू झालं. तपासण्यांचे कागद आले तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेपाशी खुर्ची ओढून बसल्या.

"काकी, थायरॉईडची गोळी कधी बंद केलीत?"

सगळं ऐकून घेतल्यावर त्या ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ही गोळी अंगात बरेच दिवस टिकते. म्हणून सोडल्यावर सुरुवातीला काही जाणवत नाही, आणि माणसाला वाटतं पाण्यानेच भागतंय. तुमच्या गळ्यातली ग्रंथी जो रस पुरेसा बनवत नाही तो गोळीत असतो, धण्यात नाही. थंडी, सूज, विसरणं, सगळं त्याचंच आहे. गोळी चालू केली की उतरेल."

"म्हंजे माझा डोका फिरूक नाय?"

"नाही."

दुर्गाकाकीने डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "आणि आग? ती कमी झालेली."

"भरपूर पाणी प्यायलात, लघवी पातळ झाली, म्हणून चटका कमी लागला. साधं पाणी प्यायला असतात तरी तेवढंच झालं असतं. पण जंतू तिथेच राहिले आणि वर मूत्रपिंडापर्यंत चढले. त्यांना औषधच लागतं."

"कोलेस्टेरॉल तरी?"

"वाढलंय. थायरॉईड मंदावला की तेही चढतं. धण्याने उतरतं असं उंदरांवरच्या काही प्रयोगांत दिसलंय, माणसांत भरवसा ठेवावा एवढं नाही. धण्याचं पाणी आवडत असेल तर प्या, गोळीनंतर तासाभराने. पण पाणी म्हणून प्या, औषध म्हणून नको."

डॉक्टरीणबाई उठल्या. तेवढ्यात दुर्गाकाकीला सारिका आठवली. मागल्या आठवड्यात विहिरीवर सारिकेच्या सासूने लाजत लाजत सांगितलं होतं की सुनेला दिवस गेलेत.

ती खाटेवर उठून बसली. सलाईनची नळी ताणली गेली. "बाई, पोटुशी बाईन गोळी सोडली तर?"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. "कितवा महिना?"

"तिसरो असात."

"पहिले काही महिने बाळाला हा रस आईकडूनच मिळतो. तेव्हा तर गोळी जास्त लागते. कोण आहे ती? आजच्या आज पाठवा."

संचिताने फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. दुर्गाकाकी फोनसाठी हात पुढे करून बसली होती. ताप, पाठ, काही जाणवत नव्हतं. अखेर पलीकडून सारिकेचा आवाज आला.

"सारिका, तू गोळी घेतस मा गो?"

"नाय काकी. तू सांगलंस तेवापासून पाणीच घेतंय. कित्याक?"

"मी चुकीचा सांगलंय गो," दुर्गाकाकी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता कुडाळाक ये. पाया पडतंय तुझ्या, ये."

सारिका नवऱ्यासोबत दुपारीच आली. रक्त तपासायला दिलं. थायरॉईड मंदावल्याचा आकडा वाढलेला निघाला, पण हाताबाहेर गेलेला नव्हता. गोळी सुरू झाली, नेहमीपेक्षा जास्त, आणि दर महिन्याला तपासणी ठरली. बाळाचं काय, याला डॉक्टरीणबाईंचं उत्तर एकच होतं. "बहुधा काही होणार नाही. पण आत्ता खात्री देता येणार नाही."

दुर्गाकाकी घरी परतली. सूज उतरली, आवाज फुटला, भावंडांची नावं न घोकता आठवू लागली. पण ते 'बहुधा' तिच्या मनातून जाईना. सारिकेचं पोट दिसू लागलं तशी ती तिच्या दारावरून जायचं टाळू लागली. आणि पुडी ज्या ज्या घरी गेली होती तिथे मात्र काठी टेकत जाऊन आली. "गोळी सोडू नकात," एवढं सांगायचं आणि निघायचं. एका घरी तिला हसले. एका घरी म्हणाले, "काकी, तूच सांगलंस मा?" ती मान खाली घालून म्हणाली, "होय, मीच."

श्रावणात सारिकेला मुलगी झाली. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉईड तपासला, ठीक निघाला. सारिकेने स्वतः फोन करून बोलावलं तेव्हा दुर्गाकाकी उंबऱ्यातच उभी राहिली.

"भितर ये मा," सारिका म्हणाली. "घे तिका."

दुर्गाकाकीने हात पुढे केले आणि मागे घेतले. "ह्याच हातांनी तुका पुडी बांधून दिलंय गो," ती म्हणाली. "तूच धर. मी हयसून बघतंय."